जुन्या साप्ताहिकाची पानं शोधण्याजोगी करताना: एका वाचनालयाचं प्रकरण

## पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शंभरी ओलांडलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या माडीवर एका स्थानिक साप्ताहिकाचे १९३४ ते १९५६ या काळातले बांधीव खंड आहेत. आठ पानी अंक, पानाला तीन रकाने, खिळे जुळवून केलेली छपाई. सगळी मिळून साधारण नऊ हजार पानं भरतात. साप्ताहिक चालवणाऱ्या घराण्याने ही पानं लोकांसाठी खुली करायला लेखी परवानगी दिली होती, आणि काही वर्षांपूर्वी एका देणगीदाराच्या पैशातून खंड स्कॅनही झाले होते. पीडीएफ एका हार्ड डिस्कवर पडून होत्या.

या खंडांना मागणी भरपूर असते. कुणाला शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी स्थापनेची बातमी हवी असते, कुणी आजोबांनी लढवलेली नगरपालिकेची निवडणूक शोधत येतं, कुणाला पुराचं साल नक्की करायचं असतं. ग्रंथपाल मॅडम प्रत्येक वेळी अंदाजाने खंड काढत आणि पानं उलटत. कागद इतका ठिसूळ झालाय की प्रत्येक शोधात कडा थोड्या गळून पडत. स्कॅन असूनही हे थांबलं नव्हतं, कारण पीडीएफमध्ये शोध घेता येत नव्हता. संगणकासाठी ती नुसती चित्रं होती.

वाचनालयाने आम्हा दोघातिघांना मदतीला बोलावलं. सोबत कॉलेजातले काही विद्यार्थी होते, आणि आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधन केलेले एक निवृत्त गृहस्थ. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात, तेच नाव इथेही वापरतो.

## अडचण

पहिल्या दिवशी एका खंडावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणारी प्रणाली, चालवून पाहिली. वर वर पाहता मजकूर बरा वाटला. मग मॅडमनी शोधाच्या चौकटीत ‘शेतकऱ्यांनी’ लिहिलं, आणि ज्या पानावर तो शब्द ठळक मथळ्यात डोळ्यांनी दिसत होता, तेही पान आलं नाही.

असं का झालं हे एका ओळीवर दाखवता येतं. मूळ छापील ओळ अशा धर्तीची होती:

> तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं सारा भरण्याची मुदत वाढवून मागितली आहे.

ओसीआरने ती अशी वाचली:

> तालुक्यातील शेतकर्यांनीं सारा मरण्याची मुदत वाढवून मागितली आहे.

युनिकोडची चिन्हं, मोकळ्या जागांसकट, मोजली तर मूळ ओळीत ६४ चिन्हं आहेत आणि त्यांतली तीन चुकली आहेत. म्हणजे चिन्हांची अचूकता ९५ टक्क्यांच्या वर. शोध मात्र शब्दांवर चालतो. ओळीत आठ शब्द आहेत आणि त्यांतले तीन बिघडले, म्हणजे अचूकता ६२ टक्क्यांवर आली. ‘९५ टक्के अचूक’ असं कुणी सांगितलं तर आधी विचारावं, चिन्हं मोजलीत की शब्द?

या तीन चुका तीन वेगळ्या जातीच्या आहेत, आणि पुढचं सगळं काम हा भेद ध्यानात ठेवून झालं.

‘तालुक्यांतील’मधलं टिंब गेलं. हा अनुच्चारित अनुस्वार. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम येईपर्यंत नांव, पांच, कांहीं, केलें, घरीं असं लिहिणं हीच रीत होती. ओसीआरचं प्रारूप मुख्यतः आजच्या मजकुरावर तयार झालेलं असतं. त्याला ‘तालुक्यातील’ ओळखीचं, म्हणून टिंब अस्पष्ट असलं की ते आजच्या रूपाकडे झुकतं.

‘शेतकऱ्यांनीं’मधला अर्धचंद्री र रफार झाला. ‘आचार्यांनी’ आणि ‘शेतकऱ्यांनी’ यांतला फरक मराठी वाचकाला लगेच कळतो. यंत्राकडून मात्र दोन्ही ‘र्य’ होतात. शिवाय हा र लिहिण्याच्या युनिकोडमध्ये दोन पद्धती आहेत: एक ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, दुसरी साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणक त्यांना वेगळं मानतो.

तिसरी चूक सगळ्यांत वाईट. ‘भरण्याची’चं ‘मरण्याची’ झालं. भ आणि म, ध आणि घ, ब आणि व, ष आणि प ही जोडपी झिजलेल्या खिळ्यांत एकमेकांसारखी दिसतात. ‘मरण्याची’ हा शुद्ध मराठी शब्द असल्यामुळे कुठलाही शब्दकोश तो पकडणार नाही.

## समोरचे पर्याय

कार्यकारिणीच्या बैठकीत तीन वाटा मांडल्या गेल्या.

पहिली, सगळं हाताने टंकून घेण्याची. गावात डीटीपी करणारे आहेत. पण नऊ हजार मोठ्या पानांचा खर्च वाचनालयाच्या आवाक्यात नव्हता. त्यातले काही जण अजून युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकतात. तो मजकूर छापायला उत्तम, पण आत रोमन अक्षरांचा गोंधळ असतो आणि त्यात शोध चालत नाही.

दुसरी, पानामागे पैसे घेणारी ऑनलाइन ओसीआर सेवा. तिसरी, टेसरॅक्ट हा मुक्त ओसीआर वाचनालयाच्याच संगणकावर चालवण्याची. टेसरॅक्टची चौथी आवृत्ती २०१८ साली आली. तेव्हापासून तो अक्षर सुटं न बघता अख्खी ओळ न्यूरल जाळ्याने वाचतो, आणि जोडाक्षरं असलेल्या देवनागरीला त्याचा बराच फायदा झाला.

दोन्ही यंत्रं एकाच परीक्षेला बसवायची असं ठरलं. प्रत्येक सालातलं एक पान चिठ्ठी टाकून निवडलं आणि ती पानं नाना व विद्यार्थ्यांनी छापल्याबरहुकूम टंकली. ही आमची मोजणीची पानं. पुढचा प्रत्येक बदल त्यांच्यावर तपासला.

ऑनलाइन सेवेने अक्षरं जास्त बरोबर ओळखली, विशेषतः पुसट पानांवर. पण तीन रकान्यांच्या पानावर तिने पहिल्या रकान्याची ओळ दुसऱ्या रकान्याच्या ओळीला जोडली, आणि आम्हाला त्यात हात घालता येईना. टेसरॅक्टची अक्षरं थोडी कमी बरोबर होती, पण प्रत्येक पायरी आमच्या हातात होती. पुढे कुणी चांगलं प्रारूप काढलं तर तीच चित्रं पुन्हा फुकट वाचवून घेता येणार होती. कार्यकारिणीने टेसरॅक्ट निवडला, आणि अगदीच न वाचता येणाऱ्या पानांपुरती ऑनलाइन सेवा राखून ठेवली. मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो, आणि त्यामागे पैशापेक्षा काम पुन्हा करता येण्याची सोय जास्त महत्त्वाची आहे.

## पहिला निर्णय: पुन्हा स्कॅन करायचं का?

पीडीएफमधल्या चित्रांचा दर्जा फाइल उघडून कळत नाही. आतली चित्रं खरोखर किती दाट आहेत ते एका आज्ञेने दिसतं:

```
pdfimages -list khand-03.pdf | head
```

काही खंड इंचाला ३०० ठिपक्यांवर होते, काही २००वर, आणि हे दुसरे खंड जेपीईजीमध्ये दाबून बसवलेले. इंग्रजी मजकुराचं २००वर बऱ्यापैकी भागतं. आमची अडचण टिंबाची होती. या साप्ताहिकातल्या अनुस्वाराचा व्यास जेमतेम अर्धा मिलिमीटर आहे. २०० ठिपक्यांवर तो सुमारे चार ठिपके रुंद होतो, ३००वर सहा. चार ठिपक्यांचं टिंब जेपीईजीच्या दाबणीत कडेने विरघळतं आणि कागदावरच्या डागासारखं दिसू लागतं.

शेवटी २००चे खंड तेवढे पुन्हा स्कॅन केले, ४०० ठिपक्यांवर, करड्या छटांत, न दाबलेल्या टिफमध्ये. पान साधारण अकरा बाय सोळा इंचांचं, त्यामुळे एका पानाची फाइल पंचवीस-तीस एमबी होते. त्यासाठी वेगळी डिस्क घ्यावी लागली. ३००चे खंड तसेच ठेवले. ठिसूळ कागद पुन्हा हाताळण्याइतका फायदा तिथे मोजणीच्या पानांवर दिसला नाही.

## दुसरा निर्णय: चित्र किती स्वच्छ करायचं?

ओसीआरच्या आधी चित्र सरळ करणं, कडा कापणं आणि काळं-पांढरं करणं या पायऱ्या स्कॅनटेलर या मुक्त प्रणालीत केल्या. तिच्यात डाग काढण्याची सोय आहे, ती विद्यार्थ्यांनी चालू ठेवली होती. पानं लख्ख झाली. छापून भिंतीवर लावलेली ती पानं बघायला नाना आले, चष्मा लावून जवळ गेले आणि म्हणाले, “मॅडम, कागद छान धुतलाय. पण टिंबं कुठं गेली?”

डाग काढणारी प्रणाली लहान सुटे काळे ठिपके शोधून पुसते. देवनागरीत लहान सुटा काळा ठिपका म्हणजे बहुतेक वेळा अनुस्वार. ‘संप’चा ‘सप’ होतो, ‘बंदी’ची ‘बदी’ होते. हे ओसीआरच्या मजकुरात पाहून कळणं कठीण, कारण यंत्रच टिंब खातंय असं वाटतं. चित्रातूनच ते गेलेलं असतं.

त्यावर आम्ही एक सोपी खूण शोधली. पानातल्या दर हजार चिन्हांमागे किती अनुस्वार आले ते मोजायचं. १९६२पूर्वीच्या मजकुरात ते भरपूर असतात आणि एकाच खंडातल्या पानांत प्रमाण फारसं हलत नाही. एखाद्या पानावर ते शेजारच्या पानांपेक्षा एकदम घसरलं तर टिंबं पुसली गेलीत. एकदम वाढलं तर मागच्या बाजूची शाई झिरपून खोटी टिंबं उमटलीत. ही मोजणी प्रत्येक पानावर आपोआप होऊ लागल्यावर तपासायची पानं आपसूक वर आली. डाग काढणं बंद केलं. थोडे डाग राहिले तरी ओसीआर त्यातून वाट काढतो. गेलेलं टिंब मात्र परत येत नाही.

रकान्यांचा प्रश्न जास्त कामाचा निघाला. दोन रकान्यांमध्ये उभी रेघ छापलेली होती आणि ती ओळीच्या अगदी जवळ यायची, त्यामुळे ओसीआर तिला काना समजायचा. पानभर ओळींच्या शेवटी ‘ा’ लटकलेले. म्हणून प्रत्येक रकाना रेघेच्या आतून वेगळा कापला. हे निम्मं आपोआप झालं, निम्मं हाताने, कारण जाहिरातींची पानं कुठल्याच नियमात बसत नाहीत. मग प्रत्येक रकान्यावर:

```
tesseract k03-p147-r2.tif k03-p147-r2 -l mar --psm 4 txt tsv
```

`--psm 4` म्हणजे ‘हा एकच रकाना आहे, अक्षरं लहानमोठी असू शकतात’. `tsv` मागितल्यामुळे प्रत्येक शब्दासोबत त्याची चित्रातली जागा आणि यंत्राची खात्री मिळते. भाषा `mar+eng` ठेवली तर मराठी आकडे आणि तुटकी अक्षरं मधूनच रोमनमध्ये यायला लागली, म्हणून फक्त `mar`. इंग्रजी जाहिराती त्यामुळे गेल्या. नंतर जाहिरातींची पानं तेवढी दुसऱ्यांदा चालवली.

## तिसरा निर्णय: मजकूर ‘सुधारायचा’ की नाही?

प्रकरणाचा कणा इथे आहे.

विद्यार्थी ओसीआरचा मजकूर दुरुस्त करायला बसले आणि ‘नांव’चं ‘नाव’, ‘केलें’चं ‘केले’ करू लागले. त्यांना ती चूक वाटली, आणि आजच्या नियमांप्रमाणे ती आहेच. नानांनी पहिल्याच गठ्ठ्यावर हात ठेवला. “बाळांनो, जुळाऱ्याने जे जुळवलं ते आपण बदलायचं नाही. त्याची चूक असली तरी ती त्याचीच.”

त्यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. एका सदस्यांचं म्हणणं रास्त होतं: आजचा वाचक ‘नाव’ असंच टंकणार, मग जुनं रूप ठेवून त्याला काय मिळणार? उलट बाजूला गावातले एक प्राध्यापक होते. त्यांना या साप्ताहिकात अनुस्वार कधी सैल होत गेले तेच अभ्यासायचं होतं. मजकूर आधुनिक केला असता तर त्यांचा पुरावाच नाहीसा झाला असता.

दोघांचंही समाधान होईल असा मार्ग होता. प्रत्येक रकान्याचे तीन थर ठेवायचे. सगळ्यांत खाली चित्र. त्यावर छापल्याबरहुकूम मजकूर, वाचकाला दिसणारा. आणि तिसरा, कुणालाही न दिसणारा शोधाचा थर, ज्यात जुन्या-नव्या लेखनातले फरक पुसून शब्द मुद्दाम सपाट केलेले असतात. वाचक जे टंकतो तेही त्याच नियमाने सपाट करायचं आणि मग दोन्ही जुळवायचे. दिसणारा मजकूर जुना राहतो, आणि आजच्या लेखनाने शोधलं तरी तो सापडतो.

```python
import re, unicodedata
A = {'अि':'इ', 'अी':'ई', 'अु':'उ',
     'अू':'ऊ', 'अे':'ए', 'अै':'ऐ'}
DIRGHA = '\u093e\u0940\u0942\u0947\u0948\u094b\u094c' \
         '\u0906\u0908\u090a\u090f\u0910\u0913\u0914'

def sapat(s):
    s = unicodedata.normalize('NFC', s)
    s = re.sub('[\u200c\u200d]', '', s)
    for k, v in A.items():
        s = s.replace(k, v)
    s = s.replace('\u0931', '\u0930')
    s = re.sub('(?<=[' + DIRGHA + '])\u0902', '', s)
    s = re.sub('\u0902(?![\u0900-\u0963])', '', s)
    for k, v in ('\u0940\u093f', '\u0942\u0941', 'ईइ', 'ऊउ'):
        s = s.replace(k, v)
    return s
```

यातली प्रत्येक ओळ एकेका भांडणानंतर आली. न दिसणारी जोडचिन्हं काढली आणि ऱचा र केला, त्यामुळे अर्धचंद्री र कसाही लिहिलेला असो किंवा ओसीआरने रफार वाचलेला असो, शब्द एकच होतो. सुरुवातीचा तक्ता अच्या बाराखडीसाठी आहे. सावरकरांनी मांडलेल्या लिपीसुधारणेच्या प्रभावाखाली काही वर्षं या साप्ताहिकात ‘अेक’, ‘अुद्योग’ असं छापलं जाई, आणि ‘उद्योग’ शोधणाऱ्याला ते अंक सापडत नव्हते.

अनुस्वाराचा नियम सगळ्यांत जास्त वेळ खाऊन गेला. सगळेच अनुस्वार उडवले तर ‘दंगा’ आणि ‘दगा’ एक होतात, ‘संत’ आणि ‘सत’ एक होतात, आणि असं चालणार नव्हतं. नानांनी जुन्या लेखनातले अनुच्चारित अनुस्वार कुठे येतात याची यादी काढली. ते बहुतेक दीर्घ स्वरांवर येतात किंवा शब्दाच्या शेवटी: नांव, पांच, कोंकण, बेळगांव, पुणें. ऱ्हस्व स्वरांवरचे, म्हणजे संत, भिंत, मुंबई यांतले, बहुधा खरोखर उच्चारले जातात. म्हणून दीर्घ स्वरानंतरचे आणि शब्दाअखेरचे तेवढे उडवले, बाकीचे राखले.

शेवटी ऱ्हस्व-दीर्घ एक केले. कवि आणि कवी, कोल्हापुर आणि कोल्हापूर असे दोन्ही लेखनप्रकार खंडांत येतात. ही पायरी शेवटीच हवी. ती अनुस्वाराच्या आधी आली तर दीर्घ स्वर ओळखायला उरतच नाहीत आणि ‘घरींच’सारख्या शब्दातलं टिंब तसंच राहतं.

वरच्या ओळीला हा नियम लावला तर ‘तालुक्यांतील’ आणि ‘तालुक्यातील’ एक होतात, ‘शेतकऱ्यांनीं’ आणि ‘शेतकर्यांनीं’ही एक होतात. आठांपैकी सात शब्द सापडू लागतात आणि दुरुस्तीसाठी एकही कळ दाबावी लागत नाही. ‘मरण्याची’ तेवढं राहतं. भ आणि मही सपाट करता आले असते, पण मग ‘भाव’ शोधणाऱ्याला पानोपानी ‘माव’, ‘माण’ शोधणाऱ्याला ‘भाण’ असा कचरा मिळाला असता. ती चूक सोडून दिली. त्याच बातमीत ‘सारा’, ‘मुदत’ हे शब्द शाबूत आहेत, त्यामुळे बातमी सापडतेच.

या सपाटीचीही किंमत आहे. ‘भाडें’ आणि ‘भांडें’ एक होतात, ‘आबा’ आणि ‘आंबा’ एक होतात. म्हणून निकाल दाखवताना छापील मजकुराशी तंतोतंत जुळणारे आधी, आणि सपाट रूपाने जुळणारे नंतर, असा क्रम लावला.

शोधासाठी एसक्यूलाइट या डेटाबेसची एफटीएस५ ही मजकूर शोधायची सोय वापरली. तिथे देवनागरीसाठी एक खाचखळगा आहे. तिचा नेहमीचा शब्द तोडणारा भाग अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, वेलांटी, मात्रा, हलन्त ही युनिकोडमध्ये ‘खुणा’ या वर्गात येतात, त्यामुळे तो प्रत्येक मात्रेवर शब्द तोडतो. लक्षण असं की ‘पाटील’ शोधलं की निकालात भलतीच पानं ढिगाने येतात. उपाय एका ओळीचा:

```sql
CREATE VIRTUAL TABLE shodh USING fts5(
  rakana UNINDEXED, sapat,
  tokenize = "unicode61 categories 'L* N* Co Mc Mn'");
```

## हाताने काय दुरुस्त केलं

नऊ हजार पानं हाताने तपासणं शक्य नव्हतं, म्हणून माणसांचा वेळ तीनच ठिकाणी लावला: मथळे, माणसांची व गावांची नावं, आणि तारखा.

नावांसाठी `tsv`मधली खात्री कामी आली. खात्री कमी आहे आणि शब्द आमच्या यादीत नाही, असे शब्द चित्राच्या तुकड्यासह विद्यार्थ्यांसमोर येत. यादी तालुक्यातल्या गावांच्या आणि स्थानिक आडनावांच्या नोंदींवरून केली होती. ‘कऱ्हाड’ आणि ‘कराड’ यांसारखी जोडपी कुठल्याच सपाटीत बसत नाहीत, त्यांचा वेगळा तक्ता ठेवावा लागला.

तारखा ओसीआरवर सोडल्याच नाहीत. झिजलेल्या खिळ्यांत १ आणि ९ यांचा घोळ होतो, आणि एका आकड्याने बातमी कित्येक वर्षं मागेपुढे जाते. साप्ताहिक गुरुवारचं, त्यामुळे पुढच्या अंकाची तारीख सात दिवसांनी यायला हवी. अंकावर शकही छापलेला असे. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. म्हणजे मे १९३८ला शके १८६०, आणि जानेवारी १९३९लाही शके १८६०च. वार, शक आणि अंकाचा क्रम जुळले तरच तारीख पक्की. जुळलं नाही तर मॅडम स्वतः अंक उघडून बघत. न निघालेले अंक आणि बांधताना उलटसुलट झालेली पानं यातूनच सापडली.

## निष्पत्ती

आता वाचनालयातल्या एका संगणकावर आणि घरबसल्याही शोध घेता येतो. निकालात रकान्याचं चित्र आधी दिसतं, त्यावर शब्दाची जागा उजळते, आणि मजकूर खाली येतो. मजकुरावर ‘यंत्राने वाचलेला, तपासलेला नाही’ किंवा ‘तपासलेला’ अशी स्पष्ट नोंद असते. अवतरण देणाऱ्याने चित्र वाचूनच द्यावं असा आग्रह आहे. ‘सारा मरण्याची मुदत’ असं कुणाच्या प्रबंधात जाऊ नये.

मजकुराची चिन्हागणिक अचूकता पहिल्या दिवसापेक्षा थोडीच वाढली. शोध मात्र ओळखू येणार नाही इतका सुधारला. खंड माडीवरून खाली काढण्याची वेळ आता क्वचित येते.

सामान्यरूपाचा प्रश्न अर्धाच सुटलाय. ‘शेतकरी’ शोधलं तर ‘शेतकऱ्यांनी’ येत नाही. सध्या `शेतक*` असं लिहायला शिकवलंय. अभ्यासकांना ते जमतं, इतर वाचकांना जमत नाही. रकान्याच्या शेवटी तुटलेले शब्द जोडले जातात, पण जिथे जुळाऱ्याने तुटक रेघच दिलेली नाही तिथे दोन अर्धे शब्द तसेच आहेत. बाजारभावांचे तक्ते वाचवण्याचा नाद सोडला. ती पानं तारीख आणि ‘बाजारभाव’ एवढ्या नोंदीवर चित्र म्हणूनच मिळतात.

एक प्रश्न तंत्राचा नव्हता. जुन्या अंकांत जप्ती-लिलावाच्या नोटिसा आहेत, त्यांत कर्जदारांची पूर्ण नावं आहेत, आणि त्यांची घराणी गावातच राहतात. ते सगळं छापून प्रसिद्ध झालेलं आहे हे खरं, पण माडीवरच्या खंडात असणं आणि आडनाव टंकताच समोर येणं यांत फरक आहे. कार्यकारिणीने नोटिसांचे रकाने घरबसल्या शोधातून वगळले आणि वाचनालयात येऊन बघायला खुले ठेवले. मला हे योग्य वाटतं, जरी प्राध्यापकांचं मत वेगळं आहे.

## पुन्हा करायचं झालं तर

स्कॅनिंगच्या करारातच दाटपणा, करड्या छटा आणि न दाबलेली फाइल लिहून घेतली असती तर खंड दुसऱ्यांदा उघडावे लागले नसते. ज्या वाचनालयांचं स्कॅनिंग अजून व्हायचंय त्यांनी ही अट आधी घालावी, आणि पहिल्या खंडानंतर `pdfimages -list` चालवून ती पाळली गेली की नाही ते बघावं.

प्रत्येक बदल मोजणीच्या पानांवर लगेच तपासावा. डाग काढण्यामुळे टिंबं गेली हे नानांच्या डोळ्यांनी पकडलं, पण लख्ख झालेली पानं लगेच मोजणीच्या पानांशी ताडली असती तर आकड्यांनीही त्याच दिवशी दाखवलं असतं.

सगळ्यांत मोठी सुटलेली संधी दुरुस्तीच्या पद्धतीत आहे. विद्यार्थ्यांनी मथळे आणि परिच्छेद रकान्यागणिक दुरुस्त केले. तेच काम ओळीगणिक झालं असतं, म्हणजे प्रत्येक ओळीचं छोटं चित्र आणि त्याच नावाच्या `.gt.txt` फाइलीत तिचा बरोबर मजकूर, तर त्या जोड्या घेऊन टेसरॅक्टला याच छापखान्याचे खिळे शिकवता आले असते. झिजलेला भ आणि न झिजलेला म यांतला फरक बाहेरच्या कुठल्याही प्रारूपाला या खंडांइतका चांगला कळणार नाही. मोजणीची पानं आता ओळीओळींत कापायला घेतली आहेत. नाना आठवड्यातून दोन दुपारी येऊन ती तपासतात, आणि पुरेशा ओळी जमल्या की १९३४च्या पहिल्या खंडापासून ओसीआर पुन्हा चालवायचा आहे.